शून्य म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे: पेरॉन-फ्रोबेनिअसचं फिरतं फॉरवर्ड

"मॅट्रिक्समधे एकही निगेटिव्ह आकडा नसला की काम झालं. पेरॉन-फ्रोबेनिअस सांगतं की सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू पॉझिटिव्ह आणि एकटीच असते, तिचा व्हेक्टर पॉझिटिव्ह असतो, बाकीच्या आयगेनव्हॅल्यूपण पॉझिटिव्हच. म्हणून कुठूनही सुरू करा, गुणत राहा, काही स्टेपमधे त्याच व्हेक्टरवर पोचता."

तीन वाक्यं आहेत, आणि सगळी गडबड पहिल्यातच सुरू होते.

"एकही निगेटिव्ह नसला की": पेरॉनने 1907 मधे जे सिद्ध केलं ते प्रत्येक आकडा शून्याहून मोठा असलेल्या मॅट्रिक्ससाठी. शून्यं चालवून घ्यायचं काम फ्रोबेनिअसने 1912 मधे केलं, पण अटी घालून, आणि फॉरवर्ड करताना लोक नेमक्या त्या अटीच गाळतात. अट नसेल तर किती थोडं उरतं बघा: वरच्या उजव्या कोपऱ्यात 1 आणि बाकी तिन्ही शून्य असं 2×2 मॅट्रिक्स घ्या, त्याची एकमेव आयगेनव्हॅल्यू 0 आहे. पॉझिटिव्ह कुठली? आणि आयडेंटिटी मॅट्रिक्समधे 1 आहे खरा, पण दोनदा, म्हणजे "एकटीच"पण गेलं.

"कुठूनही सुरू करा": हे मला जास्त खुपतं कारण इथे मॅट्रिक्स दिसायला अगदी सज्जन असतं. लोकसंख्येच्या गणितातलं बीटल किड्यांचं प्रसिद्ध उदाहरण घ्या. किडा तीन वर्षं जगतो, पहिल्या वर्षातले निम्मे दुसऱ्यात जातात, त्यातले एक तृतीयांश तिसऱ्यात, आणि तिसऱ्या वर्षाला प्रत्येकी 6 पिल्लं देऊन मरतात.

```
L = [ 0    0    6 ]
    [ 1/2  0    0 ]
    [ 0    1/3  0 ]
```

600 पिल्लांपासून सुरू करा. पुढच्या वर्षी दुसऱ्या वयाचे 300, मग तिसऱ्या वयाचे 100, मग परत 600 पिल्लं. परत तेच, कायम, कारण L चा घन म्हणजे चक्क आयडेंटिटी आहे. आता गंमत अशी की फ्रोबेनिअस इथे खोटा पडत नाही: कुठल्याही वयातून कुठल्याही वयात पोचता येतं (यालाच इरिड्युसिबल म्हणतात), म्हणून आयगेनव्हॅल्यू 1 आहे, एकदाच आहे, तिचा व्हेक्टर (6, 3, 1) पूर्ण पॉझिटिव्ह आहे, हाताने गुणून बघा, तसाच परत येतो. पण 1 चे बाकीचे दोन कॉम्प्लेक्स घनमूळसुद्धा आयगेनव्हॅल्यू आहेत आणि त्यांचा आकारही 1 च, त्यामुळे ती ओसरतच नाहीत. व्हेक्टर असणं वेगळं आणि तुम्ही तिथे पोचणं वेगळं!

मग काय बदललं की पोचता येतं? फक्त एक शून्य. दुसऱ्या वर्षाचे किडेही प्रत्येकी 1 पिल्लू देतात असं धरा, म्हणजे पहिल्या ओळीतल्या मधल्या शून्याच्या जागी 1. आधी पिल्लापासून पिल्लापर्यंतचा फेरा फक्त 3 वर्षांचा होता, आता 2 वर्षांचाही आहे, आणि 2 न् 3 मधे 1 सोडून सामाईक भाजक नाही, त्यामुळे ठेका मोडतो. याला प्रिमिटिव्ह म्हणतात. ओळखायची युक्ती सोपी: मॅट्रिक्सचे घात काढत जा, कुठला तरी घात पूर्ण पॉझिटिव्ह झाला की सुटलात. इथे चौथ्या घातात अजून एक शून्य उरतं, पाचव्यात एकही नाही. आता सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू सुमारे 1.165, म्हणजे किडे शेवटी वर्षाला साधारण साडेसोळा टक्क्यांनी वाढणार आणि त्यात पिल्लं 64 टक्के, दुसऱ्या वयाचे 28, तिसऱ्याचे 8, सुरुवात कशीही असो (अगदीच सगळे शून्य नसले म्हणजे झालं).

"बाकीच्यापण पॉझिटिव्ह": नाही हो. [1 2, 2 1] मधे सगळे आकडे पॉझिटिव्ह, आयगेनव्हॅल्यू 3 आणि −1. हा गोंधळ बहुतेक पॉझिटिव्ह डेफिनिट या नावामुळे होतो, ती गोष्टच वेगळी आहे, तिथे मॅट्रिक्समधे निगेटिव्ह आकडेसुद्धा चालतात.

"काही स्टेपमधे": थिअरम वेगाबद्दल काहीच वचन देत नाही. वेग ठरतो दुसऱ्या नंबरच्या आयगेनव्हॅल्यूच्या आकारावर. आपल्या सुधारलेल्या किड्यांत तो आकार सुमारे 0.926 आहे, त्याला 1.165 ने भागलं की 0.795, म्हणजे चूक दर वर्षी सरासरी तेवढ्या पटीने कमी होते आणि शंभरावा भाग व्हायला साधारण 20 वर्षं लागतात. तोपर्यंत आकडे डोलत राहतात: 600 पिल्लांपासून निघालात तर तिसऱ्या वर्षी परत 600 पिल्लं, चौथ्या वर्षी 150, पाचव्या वर्षी पुन्हा 600. आणि [0.99 0.01, 0.01 0.99] हे तर पूर्ण पॉझिटिव्ह, पण दुसरी आयगेनव्हॅल्यू 0.98, चूक नुसती निम्मी व्हायलाच 35 स्टेप. कोडमधे 10 वेळा गुणून आलेला व्हेक्टर "पेरॉन व्हेक्टर" म्हणून छापणाऱ्यांनी एकदा हे चालवून बघावं.