मामांचा 'एक चमचा' तूप

गेल्या श्रावणात गुहागरजवळ आजोळी गेले होते. मामा ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. "बघ गं, हे काय आलंय," म्हणत त्यांनी रक्ततपासणीचा कागद माझ्या हातात दिला. एकूण कोलेस्ट्रॉल २३६, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल ४२, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी १९०, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल १५६. मामांचं वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि आजोबा पन्नाशीतच हृदयविकाराने गेले. स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, "आजपासून तूप बंद." मामा म्हणाले, "घरच्या म्हशीचं तूप आहे. त्यानं कुणाचं वाईट झालंय?"

रत्नागिरीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना ही दोन वाक्यं मी दर आठवड्याला ऐकते. माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत, आणि कोकणात तर त्यांत तिसरी एक गोष्ट कायम सुटते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

त्या दिवशी मी मामांना काहीच सांगितलं नाही. पिशवीतला छोटा वजनकाटा काढला आणि दिवसभर मामीच्या मागे फिरले.

मामांच्या जेवणात तूप तीन वेळा. सकाळी मऊ भात-मेतकुटावर, दुपारी वरणभातावर, रात्री पोळीवर. "एकेक चमचाच घेतो," असं ते अगदी खरं मानून सांगतात. पण पावसाळ्यात तूप रवाळ, घट्ट असतं. चमचा बरणीत खुपसला की त्यावर शीग चढते. तो चमचा काट्यावर ठेवला तेव्हा त्यातलं तूप १२ ग्रॅम भरलं. पाच मिलिलीटरचा सपाट चमचा पातळ तुपाने भरला तर साडेचार ग्रॅम होतं. म्हणजे मामांचा एक चमचा हे अडीच चमच्यांहून थोडं जास्तच. दिवसाला ३६ ग्रॅम. तुपातला साधारण ६० टक्क्यांहून थोडा जास्त भाग सॅच्युरेटेड, म्हणजे एलडीएल वाढवणारं, फॅट असतो, म्हणजे नुसत्या तुपातून २२ ग्रॅम.

पुढे दूध. म्हशीचं, सायीसकट. तीन वेळा चहा आणि रात्री झोपताना एक पेला, मिळून साडेतीनशे मिलिलीटर. म्हशीच्या दुधात साडेसहा टक्क्यांच्या आसपास फॅट धरलं तर सॅच्युरेटेड १४ ग्रॅम.

आणि मग नारळ. आमटीला वाटप, भाजीवर पेरलेलं खोबरं, कोशिंबिरीत खोबरं. घरातल्या चौघांना मिळून रोज अर्धा नारळ लागतो. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅममागे सुमारे ३३ ग्रॅम फॅट असतं आणि त्यातलं ३० ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड. मामांच्या वाट्याला रोज साधारण तीस ग्रॅम खोबरं येतं, म्हणजे आणखी नऊ ग्रॅम. सोलकढी केली त्या दिवशी याहून जास्त.

मामी म्हणाली, "अगं, नारळात कोलेस्ट्रॉल नसतंच." बरोबर आहे. कोलेस्ट्रॉल फक्त प्राणिजन्य पदार्थांत असतं. पण रक्तातलं एलडीएल वाढतं ते मुख्यतः खाल्लेल्या कोलेस्ट्रॉलमुळे नाही, तर सॅच्युरेटेड फॅटमुळे. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण धरून आत घेणारे ग्राही असतात, रक्त त्यांच्यामुळे साफ होत राहतं. सॅच्युरेटेड फॅट सतत जास्त येत राहिलं की हे ग्राही कमी होतात. मग एलडीएलचे कण रक्तात जास्त दिवस फिरत राहतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरतात. ते फॅट म्हशीच्या आचळातून आलं की माडावरून, हा भेद यकृत फारसा करत नाही.

म्हणूनच तुपाबद्दल जे सल्ले फिरतात ते कोकणातल्या माणसाने जसेच्या तसे घेऊ नयेत असं मला वाटतं. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलात स्वयंपाक होणाऱ्या, नारळ सणासुदीलाच फुटणाऱ्या घरात दोन-तीन चमचे तूप बसू शकतं. आपल्याकडे त्या जागेतली निम्मी जागा नारळाने आधीच घेतलेली असते.

मामांची बेरीज तूप, दूध आणि नारळ मिळून ४५ ग्रॅम झाली. फोडणीच्या तेलातले तीन धरले तर ४८. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून जास्त सॅच्युरेटेड फॅट नको. मामांसारख्या माणसाला ते वीस-बावीस ग्रॅम होतं. एलडीएल वाढलेल्यांसाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन सहा टक्क्यांखाली जायला सांगते, म्हणजे बारा-तेरा ग्रॅम. मी पहिल्या फेरीत कुणालाही बारा ग्रॅमवर नेत नाही. तो आहार पंधरा दिवस पाळला जातो आणि मग सगळंच सुटतं. अठराच्या आसपास टिकणारा आहार मला जास्त मोलाचा वाटतो.

आता दुधाच्या फॅटबद्दल एक गोष्ट. सगळे दुग्धजन्य पदार्थ एका मापाने मोजू नयेत. दुधातला फॅटचा प्रत्येक थेंब एका पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला असतो. आपण विरजलेली साय घुसळतो तेव्हा तो पापुद्रा फुटतो, फॅट एकत्र येऊन लोण्याचा गोळा वर येतो आणि पापुद्र्याचा बराचसा भाग ताकात जातो. स्वीडनमध्ये २०१५ साली ५७ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना रोज ४० ग्रॅम दुधाचंच फॅट दिलं, एकाला क्रीमच्या रूपात, म्हणजे पापुद्र्यासकट, आणि दुसऱ्याला बटर ऑइलच्या रूपात, म्हणजे जवळपास आपलं तूपच. आठ आठवड्यांनी तूपवाल्या गटाचं एलडीएल वाढलं होतं, क्रीमवाल्यांचं तसं वाढलं नाही. प्रयोग छोटा आहे, त्यावरून कुणी वाटीभर साय खाऊ नये. पण दही, दूध, चीज यांच्यापेक्षा लोणी आणि तूप एलडीएल जास्त वाढवतात, हे इतर अभ्यासांतही दिसतं. म्हणून सायीच्या दुधाचं दही वाटीभर खाणाऱ्याला मी अडवत नाही, घुसळलेलं ताक तर हवं तेवढं प्या, फक्त मीठ बेताने. मोजायचं ते तूप आणि लोणी.

'ए-टू' तुपाबद्दल मला फार विचारतात. ए-वन, ए-टू हा दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनातला फरक आहे. तूप कढवून गाळल्यावर त्यात प्रथिन जवळपास उरतच नाही. त्या शब्दासाठी दुप्पट पैसे देणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. गाईचं असो की म्हशीचं, हृदयाच्या हिशोबात तूप ते तूपच.

आणि पनीर. आमच्या लहानपणी ते गावात नव्हतंच, आता प्रत्येक लग्नात आणि नातवंडांच्या हट्टापायी घरातही असतं. शंभर ग्रॅम पनीरमध्ये २० ते २५ ग्रॅम फॅट आणि १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिन. प्रथिनासाठी मला ते आवडतं, विशेषतः मासे न खाणाऱ्या घरांत. माणशी चाळीस-पन्नास ग्रॅम, म्हणजे काड्यापेटीएवढे दोन तुकडे. पण ज्या जेवणात पनीर, त्या जेवणात वरून तूप नाही आणि बटर-क्रीमची ग्रेव्ही नाही. लग्नातल्या पनीरच्या भाजीत पनीरपेक्षा ग्रेव्हीच जास्त जड असते.

मामांसाठी आम्ही मिळून जे ठरवलं ते इतकंच. तुपाच्या बरणीतला चमचा बदलला. पाच मिलिलीटरचा मापाचा चमचा आणला, तूप आधी पातळ करायचं आणि तो सपाट भरायचा. दिवसाला दोनदा, मऊ भात आणि वरणभात यांच्यावरच, कारण तिथे मामांना तुपाचा खरा स्वाद हवा असतो. पोळीवरचं बंद केलं, ते त्यांना आठवड्यात जाणवेनासं झालं. दूध तापवून, गार करून साय पूर्ण काढायची, आणि चहा-दूध मिळून अडीचशे मिलिलीटर. नारळ अर्ध्याऐवजी पाव. मामीने वाटपात थोडे भाजलेले तीळ आणि भाजलेली चणाडाळ घालून दाटपणा आणला. बेरीज अठराच्या जवळ आली.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. एलडीएल १३४, ट्रायग्लिसराइड १५०. मामांना वाटलं, एवढं करून बावीसच अंक? मी म्हटलं, "मामा, आहाराने साधारण एवढंच उतरतं, दहा-पंधरा टक्के." ट्रायग्लिसराइड उतरले ते तुपामुळे नव्हे. रात्रीचा भाताचा दुसरा वाढा आणि चहातली साखर कमी झाली, म्हणून. कागद वाचताना हा फरक लक्षात ठेवावा. एलडीएल वाढलं असेल तर तूप, लोणी, नारळ बघा. ट्रायग्लिसराइड वाढले असतील तर भात, साखर, दारू आणि पोट बघा. आहार नीट असूनही एलडीएल हलत नसेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या, ते मंदावलं तरी एलडीएल चढतं. आणि एलडीएल १९०च्या पुढे असेल तर ते आनुवंशिक असू शकतं, तिथे मापाच्या चमच्याने काम भागत नाही.

"तुपाने चांगलं कोलेस्ट्रॉलही वाढतं," हा मामांचा शेवटचा मुद्दा होता. वाढतं, थोडं. पण सोबत एलडीएलही वाढतं, आणि धमनीत जाऊन बसतं ते एलडीएल.

आजोबांचा इतिहास आणि रक्तदाब बघून डॉक्टरांनी मामांना कोलेस्ट्रॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनची कमी मात्रेची गोळी सुरू केली. मामा माझ्यावर थोडे रागावले. मग तूप कमी कशासाठी केलं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की, आहारामुळे गोळीची मात्रा लहान राहू शकते. गोळी आहे म्हणून तीन शिगेचे चमचे पुन्हा सुरू केले तर गोळीने मिळवलेल्यातलं काही हातातून जाईल.

त्या तीन महिन्यांतच, भाद्रपदात गणपतीला मी पुन्हा तिकडे होते. उकडीचे मोदक, वर तूप. मामांनी माझ्याकडे बघत विचारलं, "किती घेऊ?" एका मोदकाच्या सारणात वीस-पंचवीस ग्रॅम खोबरं जातं. मी म्हटलं, "तीन घ्या, मोडून वर तूपही घ्या. आज मोजायचं नाही." वर्षातले दोन-चार दिवस एलडीएल ठरवत नाहीत, उरलेले साडेतीनशे दिवस ठरवतात. मामांनी तीन खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ भाताच्या ताटाशी बसले तेव्हा तूप कोमट करायला ठेवा म्हणून त्यांनीच मामीला हाक मारली.