‘चूक ती चूक’वाल्या सरांना उत्तर

आकारिक म्हणजे शिकता शिकता होणारं आणि संकलित म्हणजे शेवटी होणारं मूल्यमापन, यावरच्या माझ्या लेखाखाली आलेली प्रतिक्रिया: “मॅडम, लेख वाचला. आकारिक-संकलित वगैरे बीएडच्या पेपरला ठीक आहे. प्रत्यक्षात आकारिकच्या नोंदी मार्चमध्ये एका बैठकीत भरल्या जातात हे सगळ्यांना माहीत आहे. पन्नास पोरं असली की कोण कोणाला फीडबॅक देणार? आणि चूक ती चूक, आज दाखवली काय नि पेपर वाटताना दाखवली काय, मुलाला काय फरक पडतो? एसीत बसून लिहिणं सोपं असतं. कधी वर्गावर उभं राहून बघा.”

सर, (सर म्हणते कारण लिहिण्यावरून शिक्षकच वाटताय आणि पुरुषच वाटताय, दोन्हीपैकी काही चुकलं असेल तर कळवा.)

आधी एसीचं. आमच्याकडे पंखा आहे आणि तो आवाज करतो. वर्गाचं म्हणाल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीचा जोडवर्ग माझ्याकडे बरीच वर्षं होता, त्यात खिचडीचा हिशोब, मतदार यादी, जनगणना हे सगळं आलंच, तेव्हा ‘वर्गावर उभं राहून बघा’ हे कोणाला ऐकवतोय ते जरा वर ‘माझ्याविषयी’मध्ये वाचलं असतंत तर बरं झालं असतं. मुद्दा पटला नाही तर नाही म्हणा, पण माणूस कधी शाळेत गेलाच नाही असं धरून बोलायची ही काय पद्धत?

नोंदींचं मान्य. मार्चमध्ये भरतात, मीही भरताना पाहिल्यात, ‘वर्गात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य चाळीस पोरांच्या नावापुढे बघितलंय. पण यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष उलटा आहे. 2010 च्या शासन निर्णयाने पहिली-दुसरीला आकारिकचे 70 आणि संकलितचे 30, पाचवी-सहावीला निम्मे निम्मे असं वाटून दिलं, निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, चाचणी अशी साधनंही दिली, आणि सगळ्यांनी धरून ठेवलं की त्या रकान्यात पडलेला आकडा म्हणजे आकारिक. असं नसतं हो. तोच प्रकल्प, तीच चाचणी, पण ती बघून तुम्ही उद्याचा तास बदललात आणि पोराला पुन्हा करून बघायची संधी मिळाली तर ते आकारिक. मार्चमध्ये भरलेली नोंद कुठल्याही रकान्यात टाका, ती संकलितच. म्हणजे तुम्ही जे फसलं म्हणताय ते मुळात झालंच नव्हतं.

आता ते ‘चूक ती चूक’. खरं सांगायचं तर बाकी प्रतिक्रिया मी सोडून दिली असती, या वाक्यासाठी लिहायला बसले.

पाचवीचे दशांश अपूर्णांक घ्या. प्रश्न: 0.45 आणि 0.6 यांत मोठी संख्या कोणती? बरीच पोरं 0.45 म्हणतात, कारण 45 सहापेक्षा मोठे. दशांश चिन्हाच्या पुढचं ते पूर्ण संख्येसारखं वाचतात. घरी साडेतीन रुपये म्हणजे 3.5 असं लिहायचं की तीन रुपये पाच पैसे, हा गोंधळही इथलाच. तुम्ही लाल फुली मारणार, बरोबर. पण ज्यांनी 0.6 लिहिलं त्यांना टिक मारणार ना? आता दुसरा प्रश्न: 0.75 आणि 0.6. पहिल्याला फुली मिळालेलं पोर इथे 0.75 म्हणून टिक मिळवतं, आणि पहिल्याला टिक मिळालेल्यांपैकी काही जण 0.6 लिहून चुकतात. ही दुसरी पोरं आखूड संख्येला मोठी समजतात: शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून ज्याच्यात शतांश आहे ती संख्या लहान, असं त्यांचं गणित.

दोघांनाही दोनपैकी एक मार्क. गुणपत्रकात दोघं सारखे, डोक्यात एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध. मग ‘चूक दाखवली’ म्हणजे तुम्ही नक्की काय दाखवलंत? पहिल्याला दहा भागांची पट्टी काढून 0.6 रंगवायला लावायचं, त्याच पट्टीवर 0.45 कुठपर्यंत येतं ते विचारायचं: चार भाग पूर्ण, पाचवा अर्धा. दुसऱ्याला पट्टी तीच, पण विचारायचं वेगळं, ‘शतांश लहान असतो हे तुझं बरोबर, पण 0.75 मध्ये ते किती आहेत, आणि 0.6 मध्ये किती होतात?’ आपण मात्र दोघांनाही ‘शून्य लावून घे रे, 0.60 कर’ सांगून मोकळे होतो. उत्तरं बरोबर यायला लागतात आणि पहिल्याची समजूत होती तशीच राहते, कारण 60 सुद्धा 45 पेक्षा मोठेच की! राहिलीय का ते बघायचं तर 3.2 आणि 3.3 यांच्यामधली एखादी संख्या लिहायला सांगा. ‘मध्ये काहीच नसतं’ म्हणणारी पोरं सापडतील.

आणि आज की पेपर वाटताना, याचं उत्तर इथेच आहे. घटक चाचणीचे पेपर वाटेपर्यंत वर्ग दशांशाच्या बेरजेवर गेलेला असतो. तेच पहिलं पोर 0.6 + 0.45 = 0.51 लिहितं, सहा आणि पंचेचाळीस एक्कावन्न. तुम्ही म्हणता बेरीज कच्ची आहे, आणखी वीस बेरजा घरी देता, ते वीसही तशाच करून आणतं. चूक जुनीच, पण आता ती भलत्याच धड्यात दिसतेय आणि औषधही भलतंच चाललंय.

पोर उदाहरण सोडवत असताना मध्येच तोंड घाला असं मी कुठेही म्हटलेलं नाही, पुढचा घटक त्या समजुतीवर उभा राहायच्या आत, एवढंच म्हणणं आहे. शिवाय फीडबॅक दिला की फायदाच होतो असंही नाही. क्लूगर आणि डेनिसी यांनी 1996 मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी कामगिरी उलट घसरली होती. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांत काहींना नुसते मार्क, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही दिले. नुसता शेरावाली मुलं पुढे गेली, आणि दोन्ही मिळालेली जवळपास नुसत्या मार्कवाल्यांसारखीच राहिली. मार्क दिसले की खालचं कोण वाचतंय? पेपर वाटल्यावर वर्गात काय चालतं ते तुम्ही बघितलंच असेल, वर्गावर उभे असता म्हणून म्हणते.

पन्नास पोरांचं थोडक्यात: पन्नास वह्या तपासायला कोणी सांगितलंय? तास संपताना वरचे दोन प्रश्न फळ्यावर लिहा, चिठ्ठ्या घ्या, चार गठ्ठे करा. पहिलं चूक दुसरं बरोबर, पहिलं बरोबर दुसरं चूक, दोन्ही चूक, दोन्ही बरोबर. मार्क द्यायचे नाहीत, शेरेही लिहायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलायचं ते गठ्ठ्याशी, एकेका पोराशी नाही. शेवटच्या गठ्ठ्यावर फार विसंबू नका, नुसता अंदाज मारणाऱ्या चार पोरांत सरासरी एक तिथे जाऊन बसतं, म्हणून 3.2 आणि 3.3 चा प्रश्न त्यांना आधी द्या.

करून बघा आणि कुठल्या गठ्ठ्यात किती चिठ्ठ्या निघाल्या ते इथेच कळवा, त्यावर पुढे बोलू. वाद घालायला मला काही अडचण नाही. एसीचं मात्र मागे घ्या.