गच्चीची भिंत भाड्याने देताय? आधी ती कोणाची आहे ते बघा

नाशकात द्वारका ते मुंबई नाका पट्ट्यात, उड्डाणपुलावरून ज्यांची गच्ची दिसते त्यांच्याकडे सध्या जाहिरात एजन्सीवाले फेऱ्या मारतायत. सिंहस्थ २०२७ चा आहे, गर्दी येणार, त्यामुळे पुलाच्या उंचीवरची प्रत्येक मोकळी भिंत त्यांना "साईट" दिसतेय. आमच्याही बिल्डिंगमध्ये आले. १२ फ्लॅट, खाली ४ दुकानं, २००४ चं बांधकाम. २० बाय १० फुटी बोर्ड, महिना १२ हजार, तीन वर्षं, आणि सोबत पाचशेच्या स्टॅम्पवर टाईप करून आणलेला कागद. म्हणाले, मॅडम, फक्त चेअरमन आणि सेक्रेटरीची सही द्या, उद्या चेक देतो.

मी सेक्रेटरी आहे आणि मी सही केली नाही. त्यावरून ग्रुपवर बरीच बोलणी झाली, म्हणून इथे सविस्तर लिहितेय, कारण हाच कागद आजूबाजूच्या बिल्डिंगमध्येही फिरतोय.

पहिला प्रश्न, गच्ची कोणाची? आपल्या नाशकात कितीतरी बिल्डिंग सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या. तिथे बिल्डरने नोंदवलेलं डिक्लेरेशन डीड असतं आणि खरं काय ते त्यात लिहिलेलं असतं. त्यात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर छत आणि मुख्य भिंती सामाईक, म्हणजे सगळ्या फ्लॅट-दुकानवाल्यांच्या, ज्याच्या त्याच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे. मग फक्त चेअरमन-सेक्रेटरीची सही कशाच्या जोरावर? सगळ्यांची सभा हवी, ठराव हवा, त्यात कोणी सही करायची त्याचं नाव हवं. आणि पैसे आले तर तेही हिश्श्याच्या टक्क्यांनी वाटायचे, फ्लॅटमागे सारखे नाही. हे आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं. सगळे बाराला भागून हजार-हजार रुपये धरून बसले होते आणि दुकानवाल्यांना कोणी मोजलंच नव्हतं!

डिक्लेरेशन कोणाकडेच सापडेना. दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढली, सोबत दुकानांचे करारनामे आणि इंडेक्स टू पण काढले. बरं झालं काढले. डिक्लेरेशनमध्ये गच्ची सामाईक आहे, पण एका दुकानाच्या करारनाम्यात बिल्डरने ओळ घातलीय की दर्शनी बाजूला जाहिरात फलक लावायचा हक्क त्या दुकानदाराला राहील. आता दर्शनी बाजू म्हणजे दुकानाच्या डोक्यावरची पट्टी की पार गच्चीच्या कठड्यापर्यंत? वकिलांचं मत पडलं की दुकानदाराकडून लेखी ना-हरकत घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका. नाहीतर बोर्ड लागल्यावर तो स्टे आणेल आणि एजन्सी तुमच्याकडे नुकसानभरपाई मागेल, कारण त्या कागदात "जागा आमच्या निर्विवाद मालकीची आहे" असं आपणच लिहून देत होतो.

ज्यांचा स्वतंत्र बंगला किंवा जुना वाडा आहे त्यांनी प्रॉपर्टी कार्ड बघा. आजोबांचं नाव अजून तसंच असेल तर सगळे वारस सहीला लागतात, पुण्याची आत्या धरून. आणि घरावर कर्ज असेल तर बँकेलाही विचारावं लागतं.

दुसरी गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. आमच्या गच्चीवर आधीच एक लोखंडी सांगाडा गंजत पडलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी तेव्हाच्या एका पदाधिकाऱ्याने एका एजन्सीला परस्पर जागा दिली, कागद रजिस्टर नाही, भाडं कोणाच्या खात्यात गेलं ते आजही कळत नाही. एजन्सी गेली, सांगाडा राहिला. त्याचे बोल्ट थेट कोब्यातून स्लॅबमध्ये मारलेत, वॉटरप्रूफिंग तिथेच फुटलं आणि ४०१ मधल्या काकू दर पावसाळ्यात बेडरूममध्ये बादल्या ठेवतात. गेल्या महिन्यात सांगाडा काढून कोबा दुरुस्त करायचं कोटेशन घेतलं, ६५ हजार. म्हणजे नव्या भाड्याचे पाच महिने जुन्याच पापात गेले.

आणि वाऱ्याचं गणित ऐका. भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी साधारण १४० किमी. त्या वेगाला चौरस मीटरमागे ९० किलोच्या वर दाब येतो. २० बाय १० चा बोर्ड म्हणजे साडेअठरा चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन टनाचा धक्का, तोही आडवा, आणि उंचीचे-आकाराचे गुणक लावले तर अजून जास्त. आमचा कठडा चार इंची विटांचा आहे! एजन्सीचा माणूस म्हणे कठड्यालाच क्लॅम्प मारू, काही होत नाही. असा सांगाडा कॉलम-बीमवरच बसायला हवा, आणि तो आपल्या बिल्डिंगचे नकाशे बघून आपण नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने पास करायला हवा, एजन्सीने आणलेल्या सर्टिफिकेटवर नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली, त्यानंतरही कोणी "काही होत नाही" म्हणतं याचा मला संताप येतो. खाली आमची पोरं स्कूल व्हॅनची वाट बघत उभी असतात हो.

महापालिकेचं म्हणाल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ खाली आयुक्तांची लेखी परवानगी लागते, आणि परवानगी नसेल तर काढून टाकायची नोटीस बिल्डिंगच्या मालकांनाही येऊ शकते. त्यामुळे "परवानगी आम्ही बघतो" हे तोंडी चालत नाही. त्यांच्या कागदात गंमत अशी होती की भाडं परवानगी मिळाल्यावर सुरू, पण तीन वर्षं गच्ची दुसऱ्या कोणाला द्यायची नाही हे मात्र सहीच्या दिवसापासून. म्हणजे परवानगी आलीच नाही तर गच्ची फुकट अडकली.

आम्ही आमचा मसुदा पाठवलाय. लिव्ह अँड लायसन्सच, भाडेपट्टा नाही, आणि रजिस्टर केलेलाच. १२ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट आणि तीन वर्षं धरून स्टॅम्प अकराशे-बाराशे रुपये आणि वर हजार रुपये नोंदणी फी, एवढ्यासाठी कच्चा कागद कशाला? नव्वद दिवसांत परवानगीची प्रत दिली नाही तर करार आपोआप रद्द. परवानगी संपली की लायसन्सही संपलं. लाईटसाठी त्यांचं वेगळं मीटर, आमच्या जिन्याच्या मीटरवरून नाही. तिसऱ्या व्यक्तीच्या इजेचा विमा त्यांचा. दुसऱ्या एजन्सीला परस्पर द्यायचं नाही. आणि डिपॉझिट परत मिळणार ते सांगाडा काढून, भोकं बुजवून, गच्चीवर पाणी साठवून गळती नाही हे बघितल्यावरच.

चेअरमन काका म्हणाले, "ताई, एवढं मागितलं तर तो येणारच नाही." मी म्हटलं, काका, भिंत रंगवून जाहिरात करायची म्हणाला तर मी दुकानदाराच्या ना-हरकतीसकट स्वतः धावपळ करीन, तिथे ना वारा ना बोल्ट, फक्त परवानगी आणि करार. पण कठड्यावर लोखंड उभं करायचं असेल तर यातली एकही अट सुटणार नाही.

मसुदा पाठवून अकरा दिवस झाले, उत्तर नाही. रविवारी सभा आहे, पहिला विषय जुना सांगाडा उतरवायचा.