‘-ताना’ आणि फ्रेंचचं ‘आं’: खुलासा

“मराठीत ‘-ताना’ आलं की फ्रेंचमध्ये डोळे झाकून ‘आं’ हा शब्द आणि क्रियापदाचं ‘-आं’ने संपणारं रूप लावा.”

बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर फिरणारा हा नियम अर्धाच खरा आहे. ‘मी जेवताना टीव्ही बघतो’ याला ‘ज रगार्द ला तेले आं मांजां’ बरोबर, कारण जेवणारा आणि बघणारा एकच. पण ‘मी जेवताना फोन वाजला’ इथे ‘आं मांजां’ लावलं, तर फ्रेंच वाचणारा जेवण फोनच्या माथी मारतो, कारण हे रूप मुख्य क्रियापदाच्या कर्त्यालाच चिकटतं. माझ्या वहीत बाईंनी नेमकं हेच वाक्य लाल शाईने खोडलं होतं. कर्ते वेगळे असतील तर ‘पांदां क ज मांजे’, म्हणजे ‘मी जेवत असताना’. मराठीची ‘-ताना’ दोन्हीकडे चालते, म्हणून फसायला होतं. परीक्षेला बसणारी मुलं तो अर्धवट नियमच पाठ करताहेत, तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.