रात्रपाळीचं डोकं आणि बोरीच्या पुलावरचं ऊन

रात्रपाळी संपवून येणाऱ्यांच्या डोकेदुखीवर माझ्या दुकानात गोळी मिळते, पण तिच्याआधी काळा चष्मा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. औषधविक्याने असं बोलू नये म्हणतात. बोलतो.

गोव्यात, आमच्या फोंड्यात सकाळी आठच्या सुमाराला वेर्ण्याच्या, कुंडईच्या कंपन्यांच्या बसेस पोरांना सोडून जातात. त्यातले काही जण सरळ काउंटरवर येतात, एक डोळा मिटलेला, कपाळाला हात. मागतात ती बहुतेक वेळा पॅरासिटामॉलमध्ये कॅफीन घातलेली गोळी, कारण ती 'लगेच लागू पडते'. पडतेच. पण पोटात गेलेलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे हा माणूस झोपायला निघालाय आणि वाटेत जागं राहायचं औषध घेतोय. मग अकरा वाजता टक्क जाग, संध्याकाळी पुन्हा ठणका, रात्री कामावर पुन्हा तीच गोळी. कॅफीन नसलेली साधी गोळी दिली तर काही जण माझ्याकडे मी फसवतोय असं बघतात.

आता उन्हाकडे येतो. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या किंचित वर आपलं शरीराचं घड्याळ असतं आणि ते मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. चोवीस तासांत एकदा अंगाचं तापमान सगळ्यात खाली जातं, थंडी वाजते, मान आपोआप खाली पडते. रात्री अकराला झोपून सातला उठणाऱ्याचा हा तळ साधारण साडेचार-पाचला येतो. तळाच्या आधीच्या काही तासांत उजेड मिळाला तर झोपेची वेळ उशिराकडे सरकते, तळानंतर मिळाला तर लवकरकडे. एवढं एक समजलं की बाकीचं बोटांवर मोजून काढता येतं.

जेटलॅगमध्ये हे स्वच्छ दिसतं. माझी बहीण डिसेंबरात लंडनहून आली. पहिल्याच दिवशी सकाळी सातला मिरामारच्या वाळूत फिरायला गेली, कारण कोणीतरी सांगितलं होतं, 'सकाळचं ऊन घे, जेटलॅग जातो'. डोकं मात्र दुखतच राहिलं. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिचा तळ तिथल्या साडेचारचा, म्हणजे आपल्या सकाळी दहाचा. सातचं ऊन तळाच्या आधी पडत होतं आणि घड्याळ नेमकं उलट्या दिशेला ढकलत होतं. तिला म्हटलं, "दहापर्यंत पडदे ओढून घरात बस, बाहेर जावंच लागलं तर चष्मा लाव, आणि साडेदहानंतर तासभर उन्हात फिर. उद्यापासून ही वेळ रोज तासाभराने अलीकडे आण." घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, त्यामुळे पाच-सहा दिवस जातातच. पण दिशा बरोबर लागते.

जेटलॅगवाल्याला निदान गोव्याचा सूर्य मदतीला असतो. रात्रपाळीवाल्याच्या तो रोज विरोधात जातो.

माझा भाचा वेर्ण्याला औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. पाळी अकरा ते सात, महिनाभर सलग, रविवारी सुट्टी. कंपनीची बस लोटली, बोरी करत फोंड्याला येते, म्हणजे जवळजवळ पूर्वेला. जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, आणि बोरीच्या पुलावर तो समोरच्या काचेतून सरळ डोळ्यांत घुसतो. रात्रभर काम करून घड्याळ जेमतेम थोडं उशिराकडे सरकलेलं असतं, ते या अर्ध्या तासात परत जागेवर येतं. हा रोज आठला झोपे, अकराला उठे, आणि उजव्या कानशिलावर ठणका घेऊनच उठे.

त्याला पूर्ण रात्रीचा प्राणी करायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. रविवारी घरच्यांबरोबर जेवायचंही असतंच ना. तळ पहाटे पाचवरून सकाळी दहाच्या आसपास आणून तिथेच ठेवायचा, एवढंच ठरवलं. त्यासाठी पाळी सुरू झाल्यापासून पहाटे चारपर्यंत लॅबमध्ये जितका प्रखर उजेड मिळेल तितका घ्यायचा. शेवटचा चहा तीनच्या आत. कंपनीच्या दारातून बाहेर पडतानाच काळा चष्मा, तोही कडेने झाकणारा. घरी आल्यावर थोडी पेज आणि लोणचं, कारण रिकाम्या पोटी झोपलं तरी डोकं उठतं. साडेआठ ते साडेतीन झोप, खिडकीला जाड काळा पडदा. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा तोवर होऊन गेलेला असतो, पण मासळीवाल्याच्या हॉर्नसाठी कानात बोळे लागतातच. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं अंगणात उजेडात, म्हणजे घड्याळ दहाच्याही पुढे घसरत जात नाही. आणि सुट्टीच्या रात्री तीनला झोपून दुपारी बारापर्यंत. हे शेवटचं त्याच्या आईला अजून पटलेलं नाही. रविवारी बारापर्यंत लोळणारा मुलगा तिला बघवत नाही. पण सुट्टीला दहाला झोपून सहाला उठला, तर आठवड्याची मेहनत एका रात्रीत वाया जाते आणि सोमवारी डोकं हमखास चढतं.

जमतंय की नाही हे कळतं कसं? थंडी वाजून मान पडण्याची वेळ बघायची. सुरुवातीला ती साडेचारला येत होती, मग सहा, मग बसमध्ये. ती झोपेच्या तासांत गेली तशी त्याची अकराची जागही गेली. डोकेदुखी पार गेली असं नाही, पण आता क्वचित येते.

एक धोका सांगतो. स्वतः बाइक चालवून येणाऱ्याने झोप आणणारा अंधार डोळ्यांवर घेऊ नये. चष्मा बसमध्ये बसणाऱ्यासाठी. आणि ज्यांची रात्रपाळी फक्त दोन-तीन दिवसांची असते, त्यांनी घड्याळ हलवायच्या नादी लागूच नये. पाळीआधी दुपारी दीड तास झोप, आल्यावर थोडी झोप, आणि रात्री नेहमीच्या वेळी आडवं व्हायचं. कंपन्यांनी मात्र सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने पाळ्या फिरवाव्यात. रात्र, दुपार, सकाळ असं उलटं फिरवणारे आहेत. झोप उशिराकडे ढकलणं बहुतेकांना लवकरकडे ओढण्यापेक्षा सोपं जातं, आणि क्रम बदलायला पैसाही लागत नाही.

गोळ्यांचा हिशोब लिहून ठेवा. साधी वेदनाशामक महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, कॅफीन मिसळलेली दहा दिवस किंवा जास्त, असं तीनेक महिने चाललं तर गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. असं गिऱ्हाईक मी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतो. अचानक, आयुष्यात कधी नाही असं डोकं दुखलं, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, ताप येऊन मान कडक झाली, तर माझ्या काउंटरवर न थांबता थेट इस्पितळ गाठायचं. आणि जो जोरात घोरतो, पुरेसं झोपूनही उठताना डोकं जड असतं, त्याला चष्म्याचा उपयोग नाही. त्याने रक्तदाब आणि झोपेतला श्वास तपासून घ्यावा.