ताई, माप आम्ही घेतलं होतं

ग्राहकाचा अभिप्राय, १ स्टार: "बहिणीच्या लग्नासाठी चिपळूणला या दुकानातून पितळी कडं आणि हिरव्या बांगड्या घेतल्या. माप चुकीचं दिलं. कडं घालताना अंगठ्याजवळची कातडी सोलवटली, हात सुजला, वर तीन बांगड्या फुटल्या. पैसे मात्र पूर्ण घेतले. पुन्हा जाणार नाही."

नमस्कार ताई. तुमच्या हाताला लागलं याचं मनापासून वाईट वाटतं आणि त्याबद्दल माफी मागते. लग्नघरातल्या माणसाचा हात आमच्या दुकानात दुखावावा, हे आम्हाला शोभत नाही.

पण "माप चुकीचं दिलं" हे वाचून रात्रभर झोप लागली नाही. सासऱ्यांच्या वेळेपासून आम्ही बांगड्या भरतो आणि आमचं पोट या मापावरच आहे. म्हणून झालं ते सांगते.

तुम्ही आलात तेव्हा मी स्वतः तुमच्या उजव्या हाताचं माप घेतलं. अंगठा आत दुमडून करंगळीच्या मुळाशी टेकवायला सांगितला आणि पंजा जिथे सगळ्यात रुंद होतो, तिथे बोटांच्या मुळांवरच्या गाठींवरून टेप फिरवला. माप १९ सेंटिमीटर भरलं. त्याला ३.१४ ने भागलं की साधारण साडेसाठ मिलिमीटर येतात आणि आतून एवढं रुंद असलेलं कडं म्हणजे २-६. आमच्याकडे २-६ म्हणजे दोन इंच आणि वर सहा सोळांश. १८ सेंटिमीटरला २-४ येतं, ज्याला आम्ही सव्वादोन म्हणतो, आणि २० ला २-८, म्हणजे अडीच.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझं माप २-४ च आहे, घरचं कडं तेच आहे." ते कडं तुमच्या हातात होतं, मी पाहिलं. ते पेचाचं होतं ताई. पेच फिरवून उघडतं आणि मनगटावर मिटतं, त्याला पंज्यावरून जावंच लागत नाही. त्यावरून अखंड कड्याचं माप ठरवता येत नाही. अखंड कडं आधी पंज्यावरून जायला हवं, मग मनगटावर थोडं सैल राहणारच. तुम्हाला ते सैल नको होतं. शिवाय तुम्ही निवडलेलं कडं बोटभर रुंद होतं. रुंद कडं जास्त जागेवर घासतं, म्हणून ते घ्यायचं तर एक नंबर मोठंच बरं पडतं. मी दोनदा सांगितलं. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले, आणि तुम्ही आमच्या दुकानातल्या मुलीकडून २-४ मागून घेतलंत. तिने ते द्यायला नको होतं, ही चूक आमचीच.

१९ च्या हातावर १८ चं कडं चढवताना मांस दाबलं जातं, गाठीचं हाड दाबलं जात नाही. कड्यापुढे कातडीची वळी गोळा होऊ लागली की तिथेच थांबायचं असतं. तुम्ही त्यानंतरही ते गोल फिरवत जोर लावलात, तिथेच सोलवटलं. मुलीने पातळ प्लास्टिकची पिशवी पुढे केली होती. तीत हात घालायचा, कोपर टेकवून पंजा सैल सोडायचा, अंगठा आत घ्यायचा, अंगठ्याखालचा उंचवटा दुसऱ्या हाताने आत दाबायचा आणि कडं किंचित तिरपं धरून आधी एका बाजूची गाठ, मग दुसऱ्या बाजूची गाठ पार करायची. कडं मनगटावर आलं की पिशवी ओढून काढायची. हात सुजला असेल तर आधी थंड पाण्यात धरून थोडा वेळ वर उचलून ठेवायचा. तुम्हाला घाई होती, गाडी बाहेर उभी होती. मला ते समजतं.

आणि बांगड्या वाढल्या ताई, फुटल्या नाहीत. लग्नाच्या दिवसांत आम्ही तो शब्द तोंडात घेत नाही. त्या मी भरत असताना तुमचा फोन वाजला आणि तुम्ही हात ओढून घेतलात. काचेला झटका सोसत नाही. त्यांच्या बदल्यात तीन बांगड्या मी लगेच दिल्या, त्यांचे पैसे घेतले नाहीत. हे तुम्ही लिहिलं असतंत तर बरं वाटलं असतं.

यापुढे टेपचं माप कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात देऊ, आणि वैशाखातल्या गर्दीला आणखी एक माणूस ठेवायचं बघते. तुमचं कडं घेऊन या, मोठ्या मापाचं बदलून देते. शक्यतो सकाळी या. दुपारच्या उकाड्यात हात फुगतो आणि तेव्हाचं माप खरं येत नाही.