फन आणि फनी: ‘अर्थ एकच’ हा दावा का टिकत नाही

“सर, सगळीकडे हाच नियम फिरतोय: फन हे नाम, फनी हे त्याचं विशेषण, अर्थ एकच. इज किंवा वॉजच्या पुढे विशेषण लागतं, म्हणून तिथे फनीच म्हणायचं. आणि दुसऱ्या नामाच्या आधी फन कधीच येत नाही. हे बरोबर आहे ना?”

यातले पहिले विधान रचनेच्या दृष्टीने खरे आहे, परंतु अर्थाच्या दृष्टीने चुकीचे आहे, आणि पुढचा बहुतेक घोटाळा तेथूनच सुरू होतो. रेनपासून रेनी आणि सनपासून सनी, तसेच फनपासून फनी तयार झाले, हे मान्य. पण रेनी म्हणजे पावसाचा, सनी म्हणजे उन्हाचा, असा जो सरळ संबंध तेथे राहिला, तो येथे राहिलेला नाही. फन म्हणजे एखादी गोष्ट करताना येणारी मजा. फनी म्हणजे हसू आणणारे, विनोदी. आणि त्याचा दुसरा, तितकाच रुळलेला अर्थ म्हणजे विचित्र, काहीतरी बिनसलेले.

हा दुसरा अर्थ तुम्ही विशेष जपून लक्षात ठेवावा, असे मला वाटते, कारण चूक झाली तर ती समोरच्याला लागू शकते. समजा, तुम्हाला जेवायला बोलावणाऱ्या सहकाऱ्याला दुसऱ्या दिवशी तुम्ही लिहिले: “द इव्हनिंग वॉज व्हेरी फनी. द फूड वॉज ऑल्सो फनी.” तुमच्या मनात आभार आहेत. वाचणाऱ्याला मात्र पहिल्या वाक्यातून संध्याकाळ हसण्यासारखी झाली असे कळते, आणि दुसऱ्यातून जेवणात काहीतरी गडबड होती असे; कारण “द मिल्क स्मेल्स फनी” म्हणजे दुधाला भलताच वास येतो आहे, बहुधा ते नासले आहे, आणि “आय फील फनी” म्हणजे मला जरा बरे वाटत नाही. हव्या त्या अर्थासाठी लिहायला हवे होते: “द इव्हनिंग वॉज ग्रेट फन, अँड द फूड वॉज डिलिशस.” जेवणासाठी येथे फनसुद्धा वापरलेले नाही, कारण तुम्हाला चवीचे कौतुक करायचे आहे.

दुसरे विधान व्याकरणाचेच अर्धे ज्ञान आहे. इज आणि वॉजच्या पुढे विशेषण येते, तसेच नामही येते; “इट वॉज अ प्रॉब्लेम” या वाक्यात प्रॉब्लेम हे नामच आहे. म्हणून “द गेम वॉज फन” हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे आणि “द गेम वॉज फनी” हे त्याचे सुधारलेले रूप नव्हे, तर निराळ्या अर्थाचे वाक्य आहे. पोहणे फन असते, पण त्यात हसण्यासारखे काही नसल्यामुळे ते फनी नसते. उलट एखादे भाषण फनी असूनही इतके लांबते की ऐकणाऱ्याला ते फन वाटत नाही. माणसांबद्दलही हेच. “शी इज फन” म्हणजे तिच्या सहवासात वेळ मजेत जातो. “शी इज फनी” म्हणजे ती हसवते, किंवा प्रसंगानुसार ती जरा विचित्र आहे. शंका आली की मराठीत आधी वाक्य मनात म्हणावे: ‘मजा आली’ असे म्हणायचे असेल तर फन, ‘हसू आले’ किंवा ‘काहीतरी विचित्र वाटले’ असे म्हणायचे असेल तर फनी. ‘मजेशीर’ या शब्दावर मात्र ही परीक्षा घेऊ नये, कारण मराठीत तो या दोन्ही बाजूंना चालतो.

फन हे न मोजता येणारे नाम असल्यामुळे “वी हॅड अ फन” चुकीचे ठरते. “वी हॅड फन” किंवा “वी हॅड अ लॉट ऑफ फन” म्हणावे. “व्हेरी फन” बोलण्यात ऐकू येते, पण लिहिताना “ग्रेट फन” किंवा “सो मच फन” हेच चांगले.

तिसरे विधान आजच्या इंग्रजीला लागू पडत नाही. “अ फन ट्रिप”, “अ फन गेम” असे प्रयोग बोलण्यात आणि अनौपचारिक लेखनात सर्रास होतात. त्यातला ‘अ’ हा ट्रिपचा किंवा गेमचा असतो, फनचा नव्हे, म्हणून वरच्या नियमाशी त्याचा विरोध नाही. कार्यालयीन अहवालात किंवा अर्जात मी “एन्जॉयेबल” सुचवीन. तुलना करताना फनीचे “फनिअर” होते, तर फनसाठी “मोअर फन” म्हणावे. “फनर” काही जण बोलतात, पण परीक्षेत आणि पत्रात ते चूकच धरले जाण्याची शक्यता अधिक.